तीन दारांचा हिशेब : व्यापाऱ्याची म्हातारपणाची पुंजी आणि प्राप्तिकर

मालवण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या तीन पिढ्यांना एका गोष्टीने म्हातारपणी आधार दिला. ती म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. १९५२ साली हा कायदा झाला, तेव्हा आरंभी ज्या मोजक्या उद्योगांना तो लागू झाला त्यांत कापड गिरण्या होत्या. गिरणगावात राबलेला माणूस गावी परतला तो काही ना काही रक्कम हाती घेऊनच. मालवणच्या बाजारपेठेत दुकान मांडून बसलेल्या व्यापाऱ्याला असे काहीच नव्हते. तो कायदा सामान्यतः वीस वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांसाठी आहे. दोन मदतनीस आणि घरचा मुलगा यांच्या बळावर चालणाऱ्या पेढीचा मालक त्यात कोठेच बसत नाही. दुकान, त्यातील माल आणि मुलगा, हीच त्याची पेन्शन.

ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने १९६८ साली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, सुरू केला. व्यापारी कुटुंबांनी तो स्वीकारला हे खरे. पण बहुतेकांनी तो म्हातारपणासाठी नव्हे, तर प्राप्तिकर वाचवण्यासाठी स्वीकारला. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात कर सल्लागाराचा फोन यायचा, ‘कलम ८०-सी मध्ये इतकी जागा शिल्लक आहे’, आणि त्याच दिवशी चेक खात्यात जायचा. बचत घडत होती ती सवलतीच्या पाठीवर बसून. आता नव्या करप्रणालीत ती सवलतच उरलेली नाही. त्यामुळे साहजिकच अनेक पेढ्यांवर एकच प्रश्न विचारला जातो : वजावट मिळत नसेल, तर पीपीएफ भरायचे कशाला?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी कराच्या तीन दारांची ओळख करून घ्यावी लागते.

निवृत्तीसाठी बाजूला काढलेला पैसा तीन दारांतून जातो. पहिले दार पैसा खात्यात भरताना, दुसरे तो खात्यात वाढत असताना आणि तिसरे तो परत काढताना. प्रत्येक दाराशी सरकार कर घेऊ शकते किंवा सूट देऊ शकते. अर्थखात्याच्या भाषेत सुटीला इंग्रजीतील ‘ई’ आणि कराला ‘टी’ हे अक्षर वापरतात. वृत्तपत्रांत अर्थसंकल्पाच्या दिवसांत ‘ईईटी’ असा शब्द दिसतो, त्याचा अर्थ सूट-सूट-कर. भरताना वजावट, वाढताना करमाफी, आणि काढताना मात्र पूर्ण रकमेवर कर. युरोपातील बहुतेक देशांत निवृत्तिवेतनाची व्यवस्था ढोबळमानाने याच पद्धतीची आहे. याच्या उलट कर-सूट-सूट ही पद्धत. आधी कर भरून उरलेला पैसा खात्यात घालायचा, पण पुढे वाढीवरही कर नाही आणि काढतानाही नाही. अमेरिकेत १९९८ पासून सुरू असलेले ‘रॉथ’ खाते या प्रकारचे. तिसरी कर-कर-सूट, म्हणजे आपली साधी बँकेची मुदत ठेव : कर भरलेला पैसा ठेवायचा आणि दरवर्षी व्याजावरही कर द्यायचा. आणि चौथी सूट-सूट-सूट. ही जगात दुर्मीळ आहे, पण भारतात भविष्यनिर्वाह निधी आणि पीपीएफ यांनी ती अनेक दशके उपभोगली.

या पद्धतींतील फरक एका रकमेवर करून पाहू. समजा, व्यापाऱ्याने करपूर्व एक लाख रुपये बाजूला काढले. त्याच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर ३० टक्के कर आहे, आणि व्याजाचा दर आजच्या पीपीएफप्रमाणे ७.१ टक्के आहे. उपकर सोपेपणासाठी सोडून देऊ. पंधरा वर्षांत एक लाखाचे सुमारे दोन लाख ऐंशी हजार होतात.

सूट-सूट-सूट असेल तर हे २,८०,००० संपूर्ण त्याचे. सूट-सूट-कर असेल आणि काढतानाही तो ३० टक्क्यांच्या थरात असेल, तर ८४,००० कर जाऊन १,९६,००० उरतात. कर-सूट-सूट असेल तर आरंभीच ३०,००० कर जातो, ७०,००० खात्यात पडतात आणि पंधरा वर्षांनी त्यांचेही बरोबर १,९६,०००च होतात. हा योगायोग नाही. गुणाकारात कोणती संख्या आधी आणि कोणती नंतर घेतली याने गुणाकार बदलत नाही. कर आधी कापा वा नंतर कापा, दर तोच असेल तर उत्तर तेच. साध्या मुदत ठेवीत मात्र ७०,०००वर दरवर्षी व्याजातून कर कापला जात असल्याने हाती १,४५,०००च्या आसपास येतात. मधल्या दाराची सूट केवढी मोलाची आहे, हे या पन्नास हजारांच्या अंतरावरून कळते.

तर मग पुढारलेल्या देशांनी सूट-सूट-कर का पसंत केली? कारण नोकरदार मनुष्य निवृत्त झाला की त्याचे उत्पन्न घटते. कमावत्या वयात ३० टक्क्यांचा कर वाचवून म्हातारपणी त्याच पैशावर १० टक्के कर दिला, तर वरील उदाहरणात त्याच्या हाती १,९६,००० ऐवजी २,५२,००० येतात. म्हणजे या पद्धतीचा सारा लाभ दोन काळांतील करदरांच्या फरकातून निघतो. वजावटीतून आपोआप काही मिळत नाही. वजावट म्हणजे पुढे ढकललेला कर.

येथेच व्यापाऱ्याची वाट नोकरदारापासून वेगळी होते. व्यापारी अठ्ठावन्न किंवा साठ वर्षे झाली म्हणून गादीवरून उठत नाही. मालवणच्या पेठेत सत्तरी ओलांडलेले शेठ आजही सकाळी दुकान उघडतात, आणि मुलाच्या हाती कारभार दिल्यावरही दुकानाचे भाडे किंवा भागीदारीतील हिस्सा त्यांच्याच नावे येत राहतो. ज्याचे उत्पन्न साठीनंतर घटत नाही, त्याला पुढे ढकललेला कर पूर्ण दरानेच भरावा लागतो. धंदा वाढला असेल तर जास्त दरानेही. सूट-सूट-कर ही पद्धत निवृत्ती गृहीत धरून आखलेली आहे, आणि आपल्याकडील धंदेवाईक कुटुंबांत निवृत्ती ही बहुधा आजारपणाने येते.

भारत सरकारने ही पद्धत आणण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, तीनदा केला. २००५च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी कलम ८०-सीची एक लाखाची एकत्रित मर्यादा आणली, आणि त्याच भाषणात सूट-सूट-कर पद्धतीकडे जाण्याचा मनोदय सांगितला. ऑगस्ट २००९मध्ये प्रत्यक्ष कर संहितेचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात पीपीएफसह सर्व निधींतून काढलेल्या रकमेवर कर बसणार होता. विरोध इतका झाला की जून २०१०च्या सुधारित मसुद्यात ती तरतूद मागे घ्यावी लागली. पुढे ते विधेयकच बारगळले. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अरुण जेटली यांनी नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीतील त्यापुढील जमेच्या ६० टक्के भागावर काढताना कर सुचवला, आणि आठ दिवसांत, ८ मार्चला, लोकसभेत तो प्रस्ताव परत घेतला. तिसऱ्या दाराशी कर बसवणे राजकीयदृष्ट्या किती अवघड आहे, हे यातून दिसले. म्हातारपणाच्या पैशावर कर म्हटला की मध्यमवर्ग एकवटतो.

मग सरकारने दुसरी वाट धरली. तिसऱ्या दाराला हात न लावता पहिल्या दाराची सूट हलकेच काढून घेतली. २०२० साली नवी करप्रणाली ऐच्छिक म्हणून आली. तीत दर कमी, पण ८०-सीसारख्या बहुतेक वजावटी नाहीत. २०२३ पासून तीच मूळ प्रणाली ठरली. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. आणि २०२५च्या अर्थसंकल्पाने आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर विशेष सवलतीद्वारे कर शून्य केला. पीपीएफच्या नियमांतील एक अक्षरही बदलले नाही, तरी नव्या प्रणालीतील खातेदारापुरते ते खाते सूट-सूट-सूट ऐवजी कर-सूट-सूट झाले. याविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही.

हा बदल प्रत्यक्षात कसा दिसतो, ते एका उदाहरणावरून पाहू. मालवणच्या पेठेत किराणा आणि त्याच्या जोडीला पर्यटकांसाठी काजूगर, कोकम, मसाला विकणारा एक दुकानदार घेऊ. वय पन्नास, दुकान स्वतःच्या एकट्याच्या नावावर, सर्व खर्च वजा जाता वार्षिक उत्पन्न अकरा लाख. तो सवयीने जुन्या प्रणालीत विवरणपत्र भरतो, पीपीएफमध्ये दीड लाख आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत, म्हणजे एनपीएसमध्ये, जादा सवलतीचे पन्नास हजार घालतो. करपात्र उत्पन्न नऊ लाखांवर येते आणि उपकरासह कर होतो ९६,२०० रुपये. वजावटी नसत्या तर १,४८,२०० झाला असता. म्हणून आपण ५२,००० वाचवले असे तो समजतो. नव्या प्रणालीत, एकही रुपया कोठे न गुंतवता, त्याचा कर शून्य आहे. बावन्न हजार वाचवण्याच्या समाधानापोटी तो शहाण्णव हजार भरत आहे.

उत्पन्न अठरा लाख असलेल्या व्यापाऱ्याचेही चित्र फारसे वेगळे नाही. दोन लाखांच्या त्याच वजावटी घेऊन जुन्या प्रणालीत कर ३,०४,२०० आणि नव्या प्रणालीत वजावटीशिवाय १,६६,४००. जुनी प्रणाली त्याला परवडण्यासाठी एकूण वजावटी सुमारे ६ लाख ४२ हजारांच्या पुढे जायला हव्यात. मोठे गृहकर्ज, आरोग्यविमा आणि पीपीएफ सारे धरूनही तेथवर पोहोचणारी कुटुंबे मालवणात थोडीच असतील.

अकरा लाखवाल्या दुकानदाराकडे पुन्हा वळू. त्याच्यासाठी पहिल्या दाराशी ‘कर’ हे अक्षर आले खरे, पण त्या कराचा दरच शून्य आहे. शून्य दराचा कर आणि सूट यांत वहीवर काही फरक नाही. म्हणजे नव्या प्रणालीत बारा लाखांच्या आत असलेल्या व्यापाऱ्यासाठी पीपीएफ आजही व्यवहारात सूट-सूट-सूटच आहे. आयुष्यात ज्या वर्षांत आपला करदर सर्वांत कमी, त्या वर्षांत पैसा कर-सूट-सूट प्रकारच्या खात्यात घालावा, हा या विषयातील सर्वांत उपयोगी नियम. आणि पेठेतील पुष्कळ दुकानदारांसाठी ती वर्षे नेमकी सध्या चालू आहेत. ‘सवलत गेली, आता पीपीएफ बंद’ हा निष्कर्ष म्हणून उलटा आहे. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. किनाऱ्यालगतची जमीन विकून भांडवली नफा झाला, तर त्यावरील विशेष दराच्या कराला ही बारा लाखांची सवलत मिळत नाही. त्या वर्षाचा हिशेब स्वतंत्रपणे करून घ्यावा.

प्रणाली बदलताना व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. नोकरदाराला दरवर्षी जुनी की नवी हे निवडता येते. धंद्याचे उत्पन्न असलेल्याला तशी मोकळीक नाही. जुन्या प्रणालीत जाण्यासाठी त्याला फॉर्म १०-आयईए विवरणपत्राच्या मुदतीच्या आत भरावा लागतो, आणि जुनीतून नवीत परत येण्याची संधी एकदाच मिळते. त्यानंतर धंद्याचे उत्पन्न असेपर्यंत जुनीचे दार बंद. म्हणून ‘यंदा नवीत जाऊ, पुढच्या वर्षी घराचे कर्ज काढले की जुनीत येऊ’ असा बेत व्यापाऱ्याने आखू नये. पुढील पाच-सात वर्षांत उत्पन्न आणि कर्ज यांचे काय होणार, याचा अदमास घेऊनच हा फॉर्म भरावा किंवा परत घ्यावा. येथे उल्लेखिलेली कलमे १९६१च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक तेव्हाचे पाहून घ्यावेत.

आता पीपीएफ खात्याचेच पाहू. आपल्या दुकानदाराने ते आर्थिक वर्ष २०१०-११मध्ये उघडले होते. पंधरा वर्षे मोजली जातात ती खाते उघडल्याचे आर्थिक वर्ष संपल्यापासून, म्हणून त्याची मुदत ३१ मार्च २०२६ला पूर्ण होते. शिल्लक तीस लाख आहे असे धरू. सामान्य रिवाज असा की ही रक्कम काढायची आणि दुकानाच्या मालात, नाहीतर मुलाच्या नव्या धंद्यात घालायची. पण ज्या खात्यात मधले आणि शेवटचे अशी दोन्ही दारे करमुक्त आहेत, ते खाते बंद केले की त्यातील तीस लाखांची जागा कायमची जाते; नव्या खात्यात वर्षाला दीड लाखाच्या गतीने ती भरून यायला बाराहून अधिक वर्षे लागतील.

दुसरा मार्ग मुदतवाढीचा. पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी खाते पुढे चालवता येते, टप्प्यांच्या संख्येला मर्यादा नाही. दुकानदाराने वयाच्या साठीपर्यंत दोन टप्पे घेतले, दरवर्षी एप्रिलच्या आरंभी दीड लाख भरले आणि व्याजदर ७.१ टक्केच राहिला असे धरले, तर २०३६ साली खात्यात सुमारे ८१ लाख ८७ हजार जमतात. त्यानंतर नवी भरणा न करता खाते पुढे चालू ठेवायचे. या प्रकारात वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. केवळ वर्षाचे व्याज काढले तरी ते सुमारे ५ लाख ८१ हजार, म्हणजे महिना अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास होते. मूळ रक्कम तशीच राहते आणि या पैशावर कर नाही. दुकानाचे उत्पन्न चालू असले तरीही तो पैसा त्या उत्पन्नात मिळवला जात नाही. गादीवर बसून पेन्शन खाण्याची याहून सरळ सोय व्यापाऱ्याला उपलब्ध नाही.

व्याजदर मात्र गृहीत धरण्याची गोष्ट नाही. सरकार दर तिमाहीस तो जाहीर करते. १९८६ ते १९९९ या काळात १२ टक्के व्याज मिळवलेल्यांना आजचा दर थट्टेचा वाटतो. तो एप्रिल २०२० पासून ७.१वर स्थिर आहे, पुढे खाली येऊ शकतो. शिवाय दहा वर्षांनंतरच्या अठ्ठेचाळीस हजारांत आजच्या अठ्ठेचाळीस हजारांएवढा बाजार येणार नाही. वरील आकडा त्या बेताने वाचावा.

एनपीएसची गोष्ट निराळी. २००४ साली केंद्र सरकारच्या नव्या नोकरांसाठी सुरू झालेली ही योजना १ मे २००९ पासून सर्वांना खुली झाली. मुळात ती शुद्ध सूट-सूट-कर पद्धतीची होती. पुढे २०१६ साली काढलेल्या रकमेचा ४० टक्के आणि २०१९च्या अर्थसंकल्पाने ६० टक्के भाग करमुक्त झाला. उरलेल्या भागाचे वर्षासन घ्यावे लागे आणि ते दरसाल उत्पन्नात धरून त्यावर कर लागे. डिसेंबर २०२५मध्ये खाजगी सदस्यांना ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढण्याची मुभा मिळाली. पण प्राप्तिकर कायद्यातील करमाफी ६० टक्क्यांचीच असल्याने वरच्या वीस टक्क्यांवर कर धरूनच चालावे.

नव्या करप्रणालीत व्यापाऱ्याला एनपीएसच्या स्वतःच्या भरण्यावर कोणतीच वजावट नाही. म्हणजे अठरा लाख उत्पन्नाच्या व्यापाऱ्याने भरलेल्या पैशावर आधी २० टक्के दराने कर गेलेला असतो, आणि पुढे वर्षासनाच्या रूपाने तोच पैसा परत येताना त्यावर पुन्हा कर लागतो. पहिले आणि तिसरे अशी दोन्ही दारे करवाली. न्यायाने सांगायचे तर एनपीएसमधील पैसा शेअर बाजारात जाऊ शकतो, तेथील दीर्घकाळची वाढ ७.१ टक्क्यांहून अधिक असू शकते आणि व्यवस्थापन खर्च अत्यल्प आहे. तरुण माणसाला या वाढीपुढे कराचा तोटा किरकोळ वाटेल. पन्नाशीच्या दुकानदाराला तेवढा काळ उरलेला नसतो. आणि जैन कुटुंबांपुरता आणखी एक विचार उरतो. समभागांच्या योजनेत कोणत्या कंपन्या घ्याव्यात हे सदस्याच्या हाती नसते. मोठ्या कंपन्यांच्या त्या समूहात तंबाखू किंवा मद्याचा धंदा करणाऱ्याही येतात. ज्यांना हे सलते, त्यांना स्वतः निवड करण्याच्या पर्यायात सर्व रक्कम सरकारी रोख्यांत ठेवता येते. मग मात्र ती वाढ पीपीएफच्या जवळपास येते आणि करात पीपीएफच सरस ठरते.

नव्या प्रणालीत एनपीएसची एकच वजावट शिल्लक आहे : मालकाने नोकरासाठी भरलेल्या रकमेची, पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत. घरची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि मुलगा तीत मोठ्या पगारावर असेल, तर कंपनीने त्याच्या नावे भरलेल्या पैशाला पहिल्या दाराची सूट मिळते. भागीदारीतील भागीदार हा नोकर नसल्याने त्याला ती मिळत नाही, आणि महिना तीस हजार पगार घेणाऱ्या मुलाला मुळातच कर नसल्याने ती मिळून उपयोग नाही.

व्यापारी घरांत पीपीएफविषयी काही गैरसमज वर्षानुवर्षे चालत आले आहेत, त्यांतील दोन निस्तरण्याजोगे आहेत. पहिला अविभक्त कुटुंबाचा. १३ मे २००५ पासून अविभक्त कुटुंबाच्या नावे नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही आणि जुन्यांना मुदतवाढ नाही. प्रत्येक व्यक्तीचे खाते स्वतंत्र हवे. दुसरा गृहिणीचा. पतीने दिलेल्या पैशातून पत्नीने गुंतवणूक केली तर तिचे उत्पन्न पतीच्या उत्पन्नात मिळवतात, या नियमाला भिऊन अनेक जण पत्नीचे खाते उघडत नाहीत. पीपीएफचे व्याजच करमुक्त असल्याने ते मिळवले तरी कर वाढत नाही. तिच्या खात्यात वर्षाला आणखी दीड लाख जाऊ शकतात, आणि दुकानाचा मालक अकाली गेला तर स्वतःच्या नावे असलेला पैसा तिला कोणाकडे मागावा लागत नाही. अज्ञान मुलांची खाती मात्र पालकाच्याच दीड लाखांच्या मर्यादेत धरली जातात. मुलाच्या नावे दुसरे दीड लाख भरले, तर जादा रकमेवर व्याज मिळत नाही.

उधारीवर चालणाऱ्या पेठेत आणखी एका तरतुदीचे मोल मोठे आहे. खातेदाराने केलेल्या कर्जापोटी वा देण्यापोटी पीपीएफमधील रक्कम न्यायालयाच्या हुकुमाने जप्त करता येत नाही. धंदा बुडाला, देणेकरी दारात उभे राहिले, तरी या खात्याला त्यांचा हात पोहोचत नाही. मुदत ठेवीला असे कवच नाही. ऐपत असताना ठरलेले देणे बुडवण्यासाठी ही आड शोधू नये, हे अचौर्याचे व्रत मानणाऱ्या घरात वेगळे सांगायला नको. पण एका वाईट मोसमाने, सलग दोन पावसाळी मंदीने कोसळलेल्या प्रामाणिक दुकानदाराच्या म्हातारपणाची भाकरी यामुळे शाबूत राहते.

ज्यांच्या खात्याची मुदत ३१ मार्च २०२६ला संपते, त्यांच्यासाठी एवढे. भरणा चालू ठेवून मुदतवाढ हवी असेल, तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत बँकेत किंवा टपाल कार्यालयात फॉर्म-४ द्यावा लागतो. तो न देता नुसते पैसे भरत राहिल्यास ते अनियमित ठरतात आणि त्यांवर व्याज मिळत नाही. पासबुकात जमा दिसत असल्याने ही चूक कित्येक वर्षे लक्षातही येत नाही. फॉर्म न देता आणि न भरता वर्ष जाऊ दिले, तर जुन्या शिलकेवर व्याज चालू राहते, पण पुन्हा भरणा करण्याचा हक्क त्या खात्यापुरता संपतो. व्याज प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजतात, म्हणून ज्याच्या हाती मेच्या पर्यटन हंगामानंतर पैसा येतो त्याने तो पाच जूनच्या आत भरावा. सहा तारखेला भरला की त्या रकमेचे महिन्याचे व्याज गेले. फॉर्म-४ देताना नामनिर्देशनही तपासून घ्यावे. २०१०-११मध्ये उघडलेल्या अनेक खात्यांवर अजून वडिलांचेच नाव असते.